आजोबांच्या पुण्यस्मरणाचा मजकूर

> उद्या आजोबांना जाऊन पाच वर्षं होतील. प्रोफाइलवर चार ओळी टाकायच्यात, पण 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या पुढे काही सुचत नाही.

'भावपूर्ण श्रद्धांजली' माणूस नुकताच गेल्यावर लिहितात. पाच वर्षांनी 'पाचवे पुण्यस्मरण' आणि शेवटी 'विनम्र अभिवादन' जास्त शोभतं. तारखेला टाकणार की तिथीला, हे मात्र घरी विचारून घ्या. मी तारखेला टाकलं, तर आत्याचा फोन आला, "तिथी होऊन आठवडा झाला रे!"

प्रेमळ, शिस्तप्रिय, कष्टाळू अशी यादी नको. ती कुणाच्याही आजोबांना लागू पडते. त्यांची एकच सवय घ्या आणि त्यांच्याशीच बोला. मी अण्णांसाठी लिहिलं होतं ते असं:

"अण्णा, तुम्हाला जाऊन आज तीन वर्षं झाली. रोज रात्री दाराची कडी लावण्याआधी तुम्ही विचारायचात, 'सगळे आले का घरात?' आता ते बाबा विचारतात. तिसऱ्या पुण्यस्मरणी विनम्र अभिवादन. – तुमची नातवंडं"

फोटो हार घातलेला नको. आम्ही ओट्यावर पेपर वाचतानाचा लावला, चष्मा कपाळावर चढवलेला.