बॅगेच्या तोंडाशी बुरशी
"मक्याच्या मुरघासाची बॅग उघडली तर वर पांढरी बुरशी. सगळा टाकून द्यायचा का?"

सगळा नको. मुरघास म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, त्यात तोंडाशी हवा शिरली असणार. बुरशी आणि तिच्याखालचा वीतभर थर काढून फेका, मग हात खोल घालून मूठभर बाहेर काढा. पिवळसर हिरवा, आंबूस वासाचा आणि हाताला गार लागला तर चालेल. काळपट, चिकट, कुजक्या लोण्यासारखा वास आला तर मका फार ओला कापला गेलाय. माझी पहिली बॅग अशीच गेली. दाणा अजून दुधाळ होता, कुट्टी मुठीत दाबली की बोटांतून पाणी गळायचं! आता दाण्यातली दूधरेषा, म्हणजे घट्ट भाग आणि दूध यांच्यामधली रेघ, अर्ध्यावर आली की कापतो. गाभण जनावराला मात्र शंका असलेला मुरघास अजिबात घालू नका, गर्भपाताची भीती असते.