विषय: फेरफाराची कागदपत्रं माहिती अधिकारात नाकारली

प्रेषक: सुनील

नमस्कार मंडळी,

वडील गेल्यावर गावच्या जमिनीला वारसाचा फेरफार झाला. वर्दी मोठ्या भावाने दिली. सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावं लागली, धाकट्या बहिणीचं नाही. ती तिकडेच राहते. तिने तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून त्या फेरफाराची वर्दी, वारसांचे जबाब, नमुना 9 ची नोटीस बजावल्याचा पुरावा आणि मंडळ अधिकाऱ्यांचा शेरा मागितला.

12 जूनला उत्तर आलं, एका ओळीचं: "सदर माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने कलम 8(1)(ञ) नुसार देता येत नाही." पुढे अपील कुणाकडे करायचं, हेही लिहिलेलं नाही. आता काय करावं?

प्रेषक: दीपक

सुनील, सरळ राज्य माहिती आयोगाकडे कलम 18 ची तक्रार ठोका. रोज 250 रुपये, 25,000 पर्यंत दंड बसतो. दंडाचं नाव काढलं की फाईल आपोआप सापडते.

प्रेषक: मृणाल

सुनीलदादा, माझंही असंच रखडलंय हो, घराच्या मोजणीचं. माझ्याकडे ओसीआय आहे. मीच ऑनलाइन अर्ज टाकला तर चालेल ना? इथल्या दूतावासात द्यायचा असतो का?

प्रेषक: वसंतकाका

सुनील, महसुलात नोकरी झाली आहे, म्हणून लिहितो.

दीपक, दंडाचे आकडे बरोबर आहेत, रस्ता मात्र चुकीचा. कलम 18 च्या तक्रारीवर आयोग अधिकाऱ्याला दंड करू शकतो, पण कागद द्यायला लावू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. बहिणीला कागद हवेत, तेव्हा कलम 19 चं पहिलं अपील.

उत्तर मिळाल्यापासून 30 दिवस, म्हणजे 12 जुलैच्या आत. उत्तराचं पाकीट फेकू नका, पोस्टाचा शिक्का तारखेचा पुरावा ठरतो. अपिलीय अधिकाऱ्याचं नाव दिलेलं नसलं तरी "प्रथम अपिलीय अधिकारी" असं लिहून त्याच कार्यालयात द्यायचं, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि पोच घ्यायची.

अपिलात चिडचिड लिहू नका, तीन गोष्टी लिहा. पहिली, कलम 7(8) प्रमाणे नकाराची कारणं आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील द्यावाच लागतो. नुसतं कलमाचं नाव म्हणजे कारण नव्हे, आणि नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं कार्यालयावर असतं. दुसरी, बहीण इथे त्रयस्थ नाही. वारस म्हणून नोटीस तिलाच जायला हवी होती, ती गेली का, हेच ती विचारतेय. तिसरी, कुणाच्या जबाबात आधार क्रमांक वा फोन असेल तर तेवढा झाकून उरलेला कागद द्या. कलम 10 त्यासाठीच आहे. माझ्या अनुभवात ही तिसरी मागणी सर्वांत उपयोगी पडते, कारण पूर्ण नकाराची सबबच उरत नाही.

एक अडचण आहे. नोव्हेंबर 2025 पासून 8(1)(ञ) ची भाषा बदलली. आधी त्यातच सार्वजनिक हिताचा विचार होता, आता नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच आहे. त्यामुळे कलम 8(2) चा आधार वेगळा लिहा: उघड करण्यातलं सार्वजनिक हित नुकसानीपेक्षा मोठं आहे. नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्यांचा शेरा मिळेल असं मला वाटतं. भावाचा जबाब मिळेल का, ते सांगता येत नाही.

अपिलाचा निकाल 30 दिवसांत, फार तर 45. आला नाही किंवा विरोधात गेला, तर 90 दिवसांत आयोगाकडे दुसरं अपील. तिथे मात्र वाट बघावी लागते.

आणि हे कागद म्हणजे दुरुस्ती नव्हे. फेरफार रद्द करायला प्रांतांकडे वेगळं अपील लागतं, उशीर माफीच्या अर्जासह. माहितीची वाट बघत ते लांबवू नका.

मृणाल, हा हक्क भारतीय नागरिकाचा आहे, ओसीआयवर नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या नातेवाइकाच्या नावाने अर्ज द्या. मोजणीची माहिती भूमी अभिलेख कार्यालयात मागायची, दूतावासाचा संबंध नाही.

प्रेषक: सुनील

काका, आभारी आहे. भावाशी बोलणं बंद आहे, त्याला या अपिलाची नोटीस जाईल का?

प्रेषक: वसंतकाका

जाऊ शकते. त्याचं म्हणणं ऐकतील, पण त्याने हरकत घेतली म्हणून कागद थांबायलाच हवा असं नाही. सुनावणीला बहिणीलाच जायला सांगा, मूळ अर्जाची पोच घेऊन.

प्रेषक: दीपक

पण काका, सुनावणी त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबासमोर, मग निकाल काय लागणार?