मदत हवी आहे : सात-आठच्या डावात बाप मुद्दाम हरलेला वाचकाला कसा कळेल?

कथा लिहितोय, २०१९ चा महापूर, सांगलीत वरच्या मजल्यावर अडकलेले बाप आणि बारावीतला पोरगा, लाईट गेलेली, मेणबत्तीत पत्ते. आधी रमी घातली होती पण दोघांत ती नुसती पानं उचलण्यात जाते, भिकार-सावकारमध्ये तर डोकंच लागत नाही. म्हणून सात-आठ घेतला, तीस पानं, वाटणाऱ्याला सात हात करायचे, हुकूम बोलणाऱ्याला आठ, शिवाय निम्मी पानं समोर मांडलेली असतात ते मला फार सोयीचं.

अडलंय शेवटच्या डावात. हुकूम इस्पिक, बापानं बोललेला, त्याचे सात हात झालेत आणि दोन हात राहिलेत. पोरगा चौकटचा गुलाम उतरतो. बापाकडे चौकट संपलीय, समोर इस्पिकची अठ्ठी उघडी पडलीय, कापली की आठवा हात झाला. तो शांतपणे किलवरची नव्वी टाकतो आणि पुढचाही हात घालवतो, म्हणजे पुढच्या डावात पोरगा त्याचं पान ओढणार.

खेळणाऱ्याला हे लगेच कळतं. पण ज्या दोघा मित्रांना वाचायला दिलं त्यातल्या न खेळणाऱ्याला वाटलं बापाला अंधारात दिसलं नाही :( नियम आधी समजावून बघितले तर पहिलं पान माहितीपत्रक झालं. पोराच्या तोंडून 'कापा की' म्हणवलं तर सगळंच उघडं पडतं.

मर्यादा हजार शब्दांची, निवेदन पोराचं, आणि बापानं कबूल करायचं नाहीये. मग कापायचा नियम आधीच्या एखाद्या साध्या हातात दाखवून ठेवू, का ती अठ्ठी टेबलावर न ठेवता बापाच्या हातात लपवून डाव संपल्यावर पोराला दिसू दे?