ब्राँझचा पुतळा: रंगाआधी डोळे आणि केस

«आजोबांच्या फोटोला तपकिरी रंग दिला, पण तो पुतळा न वाटता जुना फोटोच वाटतो. धातूची चमक आणि हिरवट थर कसा आणू?»

सगळा पुतळा एकाच धातूचा असतो, म्हणून त्यात काळं बुबुळ, पांढरे डोळे किंवा काळ्या मिशा नसतात. फोटोशॉपमध्ये आधी फोटो कृष्णधवल करा. मग बुबुळं आणि डोळ्यांचा पांढरा भाग गालाच्या छटेने रंगवा, पापणीखालची सावली तेवढी राहू द्या. केस आणि मिशा उजळ करून सुटे केस जाड बटांमध्ये मिसळा. निम्मं काम इथेच होतं.

त्वचेवर उजेड हळूहळू उतरतो. धातूवर मात्र भोवतालचं प्रतिबिंब पडून उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. त्यासाठी लेयरची प्रत किंचित धूसर करून Curves ची रेघ लाटेसारखी वळवा आणि ती प्रत Soft Light मध्ये साधारण 40 टक्के ठेवा. पट्टे डागांसारखे दिसले तर धूसरपणा वाढवा. वर Gradient Map लावा: `#1c120a`, `#6b4423`, `#e8c48a`.

हिरवा थर सगळीकडे फासू नका. पाणी साचतं तिथे तो धरतो: कानाच्या खोबणीत, कॉलरच्या घडीत, नाकाच्या बाजूला. नाकाचा शेंडा आणि कपाळाचा उंचवटा तपकिरीच ठेवा. `#5f8f7d` पुरेसा आहे. त्याहून गडद हिरवा ऑइलपेंट वाटतो.

पुतळा चौथऱ्यावर बसवलात तर चौथऱ्यावरही उजेड चेहऱ्यावर येतो त्याच बाजूने हवा, आणि पुतळा टेकतो तिथे बारीक गडद सावली.