प्रतिसाद: मेनू बदलला, पद्धत तीच

>"मॅकडोनाल्ड्सने भारतात बीफ वगळलं, जपानमध्ये तेरियाकी बर्गर आणला. म्हणजे संकरीकरणच ना?"

माझ्या मते एवढ्यावर संकरीकरण, म्हणजे जागतिक आणि स्थानिक संस्कृती मिसळून नवं काही घडणं, म्हणणं घाईचं आहे. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज रिट्झरचा मॅकडोनाल्ड्सच्या पद्धतीवरचा आक्षेप पदार्थांच्या चवीवर नव्हताच. कार्यक्षमता, मोजमाप, ठरावीकपणा आणि नियंत्रण या चौकटीवर होता. तेरियाकी बर्गरही ठरलेल्या वेळात, ठरलेल्या मापानेच बनतो. शिवाय हा बदल कंपनीने स्वतःच, विक्रीसाठी केलेला.

या विषयावरच्या तुमच्या निबंधात हाँगकाँगचं उदाहरण जास्त कामाला येईल. तिथे 1975 मध्ये पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं. पुढे शाळा सुटल्यावर मुलं तिथे तासन्‌तास अभ्यास करत, गप्पा छाटत बसू लागली. 'खा आणि निघा' हा कंपनीचा हिशेब गिऱ्हाइकांनी मोडीत काढला आणि घाईच्या जागेचा निवांत अड्डा केला. (मेनूत यासाठी काही बदलावं लागलं नाही, हे विशेष.) संकर दिसतो तो इथे, वापरात. पण त्याच दुकानांत रांग लावायची शिस्तही लोकांच्या अंगवळणी पडली, आणि ती कंपनीच्या साच्यातली. एकाच काउंटरपाशी दोन्ही प्रक्रिया चालू असतात. म्हणून प्रत्येक उदाहरणाला आधी विचारा, बदल कोणी केला आणि नेमका कशात?