टिमकी न वाजवता काम दाखवायचं कसं

> "वाळूजला फिक्श्चर डिझाइन करतो. काम ऑनलाइन टाकलं की आपलीच टिमकी वाजवल्यासारखं वाटतं. त्यात ड्रॉइंग कंपनीची. मग टाकू काय?"

दादा, कंपनीचं ड्रॉइंग नकोच. लोगो खोडला तरी पार्टच्या आकारावरून गिऱ्हाईक ओळखू येतं. घरच्या फवारणी पंपाचा ब्रॅकेट घ्या आणि त्याचं फिक्श्चर काढा, सुट्टीच्या दिवशी, घरच्या लॅपटॉपवर, फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये.

समजा ब्रॅकेटला दोन भोकं आहेत आणि फिक्श्चरवरच्या पिना त्यांत बसून पार्ट जागेवर धरतात. दोन्हीत गोल पिना दिल्या की भोकांमधलं अंतर जरा इकडेतिकडे झालं तरी पार्ट अडकतो, ऑपरेटर हातोडी घेतो. म्हणून एक पिन गोल आणि दुसरी डायमंड, भोकांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने घासून कमी केलेली. तीच 90 अंशांनी फिरवून बसवली की पार्ट पुन्हा अडकतो, वर फिरायला ढिलाही होतो. ही चूक फोटोसकट लिहा. फिक्श्चरवाल्याला तुमची पारख नेमकी तिथंच होते.

आता वाक्यं बघा: कर्ता "पिन" आहे, "मी" नाही. संकोच तिथंच निम्मा जातो, माझा तरी गेला. दोन महिन्यांत असं एक पान, तारीख टाकून. कंपनी सुटली तरी ते तुमच्याकडेच राहतं. फक्त आधी नेमणूकपत्रातलं गोपनीयतेचं आणि मालकीचं कलम नीट वाचा.