घरात पिढीजात बीपी, मग पोरांचं कधीपासून मोजायचं? (अनुभव धागा)

माई_रत्नागिरी

माझे वडील 48 व्या वर्षी अर्धांगाने आजारी पडले, तेव्हा घरात पहिल्यांदा बीपी हा शब्द आला. सासूबाईंना चाळिशीच्या आधीपासून गोळी. मला आणि यांनाही आहे. आता मुलगा 26 चा, मुलगी 22 ची, आणि दोघांचं म्हणणं एकच, "आई, आम्हाला काय झालंय?" ज्यांच्या घरात असं दोन्ही बाजूंनी आलंय त्यांनी लिहा. तरुणपणी पहिल्यांदा कधी मोजलं, काय निघालं, घरातल्या कोणत्या सवयी बदलल्या आणि त्यातल्या टिकल्या कोणत्या. गोळ्यांची नावं नकोत, ती ज्याची त्याला डॉक्टर देतात.

खाडीपलीकडचा

तिशीच्या आत मोजायची गरज नाही. आमच्या गावात आशाताई फॉर्म भरायला येतात, त्या 30 च्या पुढच्यांचंच बघतात. सरकारने काहीतरी विचार करूनच ठेवलं असेल ना? उगाच पोरांच्या डोक्यात भीती घालू नका. शिवाय एकदा गोळी लागली की सुटत नाही.

उपकेंद्र_सिंधुदुर्ग

मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. दादा, फॉर्मबद्दल तुमचं बरोबर आहे, घरोघरची तपासणी 30 पासून आहे. देशात बीपी नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यातच सिंधुदुर्ग होता, त्यामुळे आमच्याकडे हे काम जुनं आहे. पण 30 ही सगळ्या गावाला पुरे पडायची सोय झाली. 25 च्या मुलाचं मोजू नका असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. 18 पूर्ण झाले की एकदा दंडाला पट्टा लावून घ्यावा. आकडा 120/80 च्या आत आला आणि घरात कुणाला नसेल तर पुढचं तीन ते पाच वर्षांनी मोजलं तरी चालतं. आई किंवा वडिलांना 55 च्या आत लागलेलं असेल तर मी दर वर्षी यायला सांगते, आणि दोघांनाही असेल तर नक्कीच.

वयाचं विचारते, कारण आजीला 75 व्या वर्षी बीपी निघालं तर त्यात म्हातारपणाचा वाटा मोठा. वडिलांना 40 व्या वर्षी निघालं तर तो वारसा जास्त वजनाचा. माईंनी लिहिलंय तसं, कोणाला कितव्या वर्षी लागलं हे एका कागदावर लिहून मुलांच्या हातात द्या. डॉक्टरला त्या कागदाचा फार उपयोग होतो.

गोळीच्या भीतीने न मोजणाऱ्यांना एवढंच विचारते, की आकडा माहीत नसला म्हणून तो कमी राहतो का?

हापूसवाला_देवगड

आमच्या धाकट्याची गोष्ट सांगतो. वय 26, बोटीवर जायचं म्हणून मुंबईत मेडिकलला गेला. दोन्हीकडचा वारसा, मी गोळीवर आणि त्याची आईपण. तिथे 152/96 आलं आणि "आत्ता बसत नाही, डॉक्टरला दाखवून या" म्हणून परत पाठवला. घरात सुतकच. त्याची आई म्हणाली, संपलं सगळं.

इथल्या डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही. आधी टेप घेऊन त्याचा दंड मोजला, 35 सेंमी भरला. मग मशीनचा पट्टा उलटा करून त्यावर छापलेलं दाखवलं, 22 ते 32. "हा पट्टा याच्या दंडाला लहान पडतो, आकडा वर दाखवतो. मुंबईत कुठला लावला होता?" आता ते कोण बघतं! शर्टाच्या बाहीवरूनच लावला होता, आणि पोरगा जिना चढून घाईघाईत गेलेला, वर चहा प्यायलेला.

मोठा पट्टा विकत आणला आणि त्यांनी सांगितलं तसं आठवडाभर घरी मोजलं. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन यायचं, चहाच्या आधी, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं, आणि संध्याकाळी परत तसंच. मोजताना बोलायचं नाही (हे आमच्या घरात सगळ्यात कठीण).

रोजची सरासरी अशी आली. पहिला दिवस 142/90, पुढे 134/84, 130/82, 136/86, 128/82, 132/84, 132/80. डॉक्टरांनी पहिल्या दिवसावर काट मारली, कारण पहिल्या दिवशी सगळ्यांचंच धास्तीने वर येतं. उरलेल्या सहा दिवसांची सरासरी 132/83. घरच्या मोजणीत 135/85 च्या वर गेलं तर बीपी धरतात, दवाखान्यात 140/90 च्या वर. म्हणजे याला बीपी नाही, पण कुंपणावर बसलाय. लघवी, किडनी, ईसीजी बघितलं, सगळं ठीक. वजन 88 होतं, ते उतरवायला सांगितलं आणि सहा महिन्यांनी परत आठवडाभर मोजायला. 82 वर आलाय, सरासरी 124/79. दुसऱ्या मेडिकलमध्ये पास झाला. पण वर्षातून एकदा मोजणं त्याला सुटलेलं नाही, आणि बोटीवरचं जेवण काय असतं ते त्यालाच ठाऊक.

परुळ्याची_आवस

माज्या आवशीक बीपी आसा, 70 वर्सा झाली. गोळी सकाळी घेवची की रात्री? कोण तरी सांगा गो. आनि बीटाचो रस दिलो तर चलता?

उपकेंद्र_सिंधुदुर्ग

काकी, गोळीची वेळ चिठ्ठीवर असेल तशीच ठेवा, रोज तीच वेळ पाळली की झालं. बीटाचा रस दिला म्हणून गोळी बंद करू नका. आणि तुमच्या झिलाचं, चेडवाचं मोजलंय का? आजीला कितव्या वर्षी लागलं तेही विचारून ठेवा.

वेळास_ते_वाशी

मी उलट बाजूने लिहितो. भाऊ 24 चा, तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी 160/100 च्या आसपास. घरात सगळे म्हणाले, वडिलांचं आलं, वारसा आहे, गोळी घे. वर्ष त्यातच गेलं. मग एका डॉक्टरांनी विचारलं, लघवीला फेस येतो का? जिममध्ये पावडर, इंजेक्शन काही? पाठदुखीच्या गोळ्या? फेस येत होता, कुणी मनावर घेतलं नव्हतं. तपासणीत लघवीतून प्रथिनं जात होती आणि दुखणं किडनीचं निघालं. बीपी हा त्याचा परिणाम होता. आता किडनीच्या डॉक्टरांकडे चालू आहे, बरं आहे. इतक्या लहान वयात आकडा खरोखर वर राहत असेल तर "आमच्या घरातच आहे" म्हणून गप्प बसू नका, कारण शोधायला सांगा.

सोलकढी_कमी_तिखट

मला पहिल्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, पायावर सूज, शेवटचा महिना भीतीचा गेला. बाळ झालं, आकडा खाली आला, सगळे विसरले. मीही. पाच वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी गेले तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तेव्हापासून दर वर्षी मोजता ना?" अशा बायकांना पुढे बीपी लागण्याचा धोका जास्त असतो हे तेव्हा कळलं. तर माई, तुमच्या त्या कागदावर बाळंतपणातलं बीपीपण लिहा.

आता स्वयंपाकघर. मी मिठाची पुडी मोजायला लागले. दिवसाला माणशी 5 ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, हे धरलं तर आम्हा चौघांना 20 ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी 50 दिवस पुरायला हवी. आमची महिनाभरही टिकत नव्हती. लोणचं, खारातल्या कैऱ्या आणि बाहेरचं फरसाण त्यात धरलेलंच नाही. मग एकेक बघत गेले. आगळात मीठ आधीच असतं, आणि आम्ही सोलकढी करताना सवयीने वर चिमूट टाकायचो! पेजेबरोबर लोणचं आणि भाजलेला खारा बांगडा दोन्ही. भाताच्या पाण्यात मीठ. आगळाच्या कढीत आणि भातात आता मीठ नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोणच्यावरून मात्र भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.

खाडीपलीकडचा

आम्ही सैंधव वापरतो, म्हणून आम्हाला प्रश्नच नाही. आणि सुकी मासळी बंद म्हणजे पावसाळ्यात काय खायचं, दगड?

उपकेंद्र_सिंधुदुर्ग

सैंधव हेही मीठच, सोडियम जवळपास तेवढंच. बाजारात कमी सोडियमचं, पोटॅशियमवालं मीठ मिळतं, त्याचा उपयोग होतो, पण किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्या घरात वेगळी बरणी ठेवावी लागते, आणि चुकून आजोबांच्या आमटीत गेलं तर पंचाईत.

सुकी मासळी सगळी सारखी नसते. वलांडीवर उन्हात वाळवलेले बोंबील बहुधा बिनमिठाचे असतात. खारा बांगडा, खारी सुरमई मिठात मुरवलेली. ती पाण्यात भिजत घालून पाणी दोनदा बदललं तर बरंच मीठ जातं, सगळं जात नाही. आणि मग रश्शात परत मीठ घालायचं नाही. मी मालवणची, मला बंद करा म्हणायचा धीर होत नाही.

मिश्रीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते. सकाळी मिश्री लावून बायका लगेच मोजायला येतात. तंबाखूने आकडा तात्पुरता चढतो, अर्धा तास थांबवूनच मोजते.

नाखवा_हर्णै

आमच्या बापाला 38 ला लागलं, दोघा थोरल्या भावांना चाळिशीला. मला 53 ला. मी काय वेगळं केलं? दारू सोडली 30 व्या वर्षी, वजन वाढू दिलं नाही आणि रोज संध्याकाळी किनाऱ्याने पाऊण तास चालतो, पावसाळ्यात बंदराच्या शेडमध्ये. मासळी, मीठ सगळं तेच खाल्लं. लागायचं ते लागलंच, पण भावांपेक्षा उशिरा. चालण्यामुळे की नशिबाने, ते मला सांगता येणार नाही.

वेळास_ते_वाशी

अमेरिकेत 2017 पासून 130/80 लाच बीपी म्हणतात. मग हापूसवाल्यांचा मुलगा 132/83 असताना बीपीत बसत होता ना?

उपकेंद्र_सिंधुदुर्ग

त्यांच्या हिशोबाने हो. आपल्याकडे 140/90 धरतात. यावर डॉक्टरांतही वाद आहेत. पण त्याच्या वयाला, दुसरा आजार नसताना, दोन्हीकडे पहिलं सांगणं जवळपास तेच असतं, वजन, मीठ, चालणं आणि परत मोजणी.

माई_रत्नागिरी

मुलगा अजून तयार नाही. मुलीचं आज मोजलं, उजव्या हातावर 126/78, डाव्यावर 112/74. कोणता खरा धरायचा?

उपकेंद्र_सिंधुदुर्ग

एकदाच मोजलंय, म्हणून आधी परत बघा. पाच मिनिटं बसवून, दोन्ही हातांवर आलटून पालटून, दोन-तीनदा. वरच्या आकड्यात 10 पेक्षा जास्त फरक कायम राहिला तर डॉक्टरांना दाखवा, ते मनगटाची आणि पायाची नाडीही बघतील. फरक गेला तर काळजी नको. यापुढे नेहमी जास्त येणाऱ्या हातावरच मोजा, आणि कोणता हात ते आकड्याशेजारी लिहा.

माई_रत्नागिरी

रविवारी परत मोजते. मुलाला तेव्हाच बसवते, तो नाही म्हणाला तरी.